‘स्वगत’ कोण करतंय?

गोष्ट चार पानांची होती, म्हणून मसुदेराव हो म्हणाले. चाळीस पानांची असती तर माणूस विचार करतो. चार पानांना कसला आलाय विचार? पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं त्यांनी जे मसुदे लिहिले (आणि ज्यांच्यामुळे त्यांचं खरं नाव पुसलं जाऊन ‘मसुदेराव’ उरलं), त्यातला गळक्या व्हॉल्व्हवरचा एकच मसुदा अकरा पानांचा होता. शिवाय विचारणाऱ्या बाई इतक्या काकुळतीला आलेल्या, की नाही म्हणणं निर्दयपणाचं झालं असतं.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. वार्षिक स्नेहसंमेलनाची कामं वाटली गेली त्या दिवशी त्यांना ताप होता. हजर असलेल्यांनी रांगोळी, हारतुरे, पाहुण्यांचं चहापाणी अशी कामं पटापट उचलली आणि बाईंच्या गळ्यात नाटक पडलं. चौथीच्या वर्गातली चाळीस मुलं, वेळ बारा मिनिटं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः निवडलेली एक कथा. तिचं नाटक करायचं होतं.

“तुम्ही लिहिता ना?” बाईंनी पालकसभेत मसुदेरावांना गाठून विचारलं. “तुमची मुलगी सांगत होती, माझे बाबा दिवसभर लिहितात म्हणून.”

दिवसभर काय लिहितात, हे लेकीनं सांगितलं नव्हतं आणि मसुदेरावांनीही सांगितलं नाही. ते सभेतून घरी आले ते जरा टाचा उंचावून चालतच.

“अहो, तुम्ही नाटक लिहिणार?” बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण धास्ती होती.

“रूपांतर,” मसुदेराव म्हणाले. “रूपांतर म्हणतात त्याला.”

लेकीनं मात्र उडी मारून त्यांच्या गळ्याला मिठी घातली. ह्या मिठीमागचं कारण सांगायलाच हवं. पहिलीत असताना ती स्टेजवर झाड होती. दुसरीत दुसरं झाड. तिसरीत तिला बढती मिळून ढग केलं, पण ढगाचं पुठ्ठ्याचं पोट इतकं मोठं होतं की ती दिसली फक्त घोट्यापर्यंत. तीन वर्षांत तिच्या वाट्याला एक अक्षर आलं नव्हतं. वर्गात तिचा आवाज बारीक म्हणून प्रसिद्ध होता आणि बारीक आवाजाला शाळेत झाड करतात.

“बाबा, मला एक वाक्य द्याल? एकच!”

“एक?” मसुदेराव औदार्यानं म्हणाले. “दिलं म्हणून समज.”

आणि ते कथा वाचायला बसले.

कथा फार सुंदर होती. तिथंच पंचाईत झाली. एक म्हातारा घड्याळजी असतो. त्याच्या दुकानात एक आजी दर दोन दिवसांनी तेच ते मनगटी घड्याळ दुरुस्तीला आणते. घड्याळाला काहीही झालेलं नसतं, तिनं किल्ली दिलेली नसते एवढंच. घड्याळजीला ते माहीत असतं. तो ‘बघतो’ म्हणतो, ‘उद्या या’ म्हणतो, ती गेल्यावर घड्याळाला किल्ली देतो आणि दुसऱ्या दिवशी परत करतो. ती एकटी आहे आणि दोन शब्द बोलायला येते, हे तो ओळखून असतो. एके दिवशी आजी घड्याळ न्यायलाच येत नाही. घड्याळजी वाट बघतो, मग उठतो, भर दुपारी दुकान बंद करतो आणि घड्याळ घेऊन तिच्या घरी जातो. बस्स.

वाचताना मसुदेरावांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पेन्सिल घेऊन संवादांवर खुणा केल्या. घड्याळजी सबंध कथेत तीन वाक्यं बोलत होता : ‘हं’, ‘बघतो’ आणि ‘उद्या या’. बाकीचं सगळं त्याच्या मनात चाललं होतं. मनातलं काढून टाकलं तर स्टेजवर उरत होतं ते असं : एक बाई येते, एक माणूस तिला उद्या यायला सांगतो. पाणीपुरवठा कार्यालयात हे नाटक रोज फुकट बघायला मिळत असे.

वरच्या मजल्यावर नाट्याचार्य राहत. ही पदवी त्यांची त्यांनीच घेतलेली होती. तरुणपणी एका ऐतिहासिक नाटकात ते तिसरे शिपाई होते आणि ‘महाराज, शत्रू वेशीपाशी आला’ हे वाक्य अजूनही जिना उतरताना म्हणत. मसुदेरावांची अडचण कळताच ते न बोलावता खाली आले आणि खुर्ची ओढून बसले.

“साहेब, कथेत ‘त्याला वाईट वाटलं’ असं लिहिलं की भागतं. स्टेजवर वाईट वाटून दाखवावं लागतं,” ते म्हणाले. “तीन रस्ते आहेत. एक, निवेदक घाला. पण निवेदक आला की समजावं, लेखकानं हात टेकले. दोन, घड्याळजीला बोलायला एक शेजारी द्या. शिंपी द्या. मनातलं तो शिंप्याला सांगेल.”

“पण तो कुणाला सांगत नाही, हीच तर कथा आहे!”

“मग तीन. स्वगत! नट दोन पावलं पुढे येतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो आणि मनातलं मोठ्यानं बोलतो. बाकीच्यांना ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी समजायचं. आमच्या नाटकात राजा वीस मिनिटं स्वगत बोलायचा. आम्ही भाले धरून ऐकू न आल्यासारखे उभे. त्याला जो अभिनय लागतो ना, साहेब!”

मसुदेरावांना तिसरा रस्ता पसंत पडला. पण त्या आधी परवानगीचा प्रश्न होता. दुसऱ्याची कथा घेऊन नाटक करायचं तर लेखकाची लेखी परवानगी लागते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, शाळेचं नाटक आहे, कोण विचारतंय? पण बावीस वर्षं ‘पूर्वपरवानगीशिवाय’ हा शब्द रोज चारदा लिहिणारा माणूस असा कसा ऐकेल? मसुदेरावांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. प्रकाशकानं लेखिकेचा पत्ता न कळवता पत्रच तिच्याकडे पाठवलं. लेखिका घर बदलून गेली होती. पत्र तिच्यामागे तीन पत्ते फिरलं आणि पाच आठवड्यांनी उत्तर आलं, तेही चार ओळींचं :

‘रूपांतराला माझी हरकत नाही. माणसं वाढवा, कमी करा, दुकान हलवा. घड्याळजीच्या मनातली वाक्यं मात्र गाळू नका. गोष्ट तिथंच आहे. प्रयोगाला येईन.’

मनातली वाक्यं मोजली तर सतरा भरली. इकडे मुख्याध्यापिकाबाईंच्याही अटी तयारच होत्या. चाळीसच्या चाळीस मुलं स्टेजवर दिसली पाहिजेत, कारण प्रत्येकाचे आईवडील येणार. पडदा एकदाच उघडायचा आणि एकदाच पडायचा, कारण तो अर्ध्यात अडकतो. माइक तीनच आहेत आणि ते वरून टांगलेले आहेत, तेव्हा जो बोलेल त्यानं त्यांच्याखालीच येऊन बोलावं. आणि बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला घंटा.

मसुदेरावांनी पहिला खर्डा एका रविवारी लिहिला आणि बायकोपुढे ठेवला. बायकोनं आजीचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं.

“‘सदर घड्याळ गेल्या दोन दिवसांपासून बंद अवस्थेत असून त्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.’ अहो, ही आजी घड्याळ घेऊन आलीय की नळजोडणीचा अर्ज?”

“भाषा शुद्ध आहे.”

“शुद्ध आहे, पण नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडात मावणार आहे का? तुमच्या आई बंद घड्याळ बघून काय म्हणायच्या?”

मसुदेरावांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, “‘मेलं पुन्हा बंद पडलं बघ.’”

“मग लिहा ते.”

पुढचे तीन आठवडे घरात वेगळंच वारं होतं. मसुदेराव वाक्य लिहायचे, बायको भाजी चिरता चिरता ते मोठ्यानं म्हणायची आणि जिथं तिचा श्वास अडकेल तिथं वाक्य तोडायचं. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशेब त्यांनी घड्याळ लावून पक्का केला. कथेतली आजी वर्षभर येत-जात होती, तिच्या तीनच फेऱ्या ठेवल्या : पहिलीत ती उभ्या उभ्या बोलते, दुसरीत स्टुलावर बसते, तिसरीत स्टूल ओढून घड्याळजीच्या शेजारी ठेवते. ओळख वाढली हे एक शब्द न खर्च करता दिसलं. हे सुचलं तेव्हा मसुदेराव स्वतःवरच इतके खूश झाले, की उठून आरशात बघून आले. कथेतली बाजारपेठ आणि नदीकाठ गेले, सगळं दुकानातच आलं. पडदा बदलायचा प्रश्न मिटला. आणि पाच-सहा गिऱ्हाईकं घालूनही उरलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न लेकीनंच सोडवला.

“बाबा, घड्याळाच्या दुकानात घड्याळं नसतात का?”

एकतीस मुलं घड्याळं झाली. पुठ्ठ्याची तबकडी छातीवर, हात म्हणजे काटे. मागं ओळीनं उभं राहून त्यांनी टिकटिक करायची आणि दोन दिवस गेले की गरागरा हात फिरवायचे. वेळही सरली, आईवडिलांचीही सोय झाली.

लेकीचं वाक्य पाचव्या पानावर होतं. शाळकरी मुलगी दुकानात डोकावते आणि विचारते, ‘आजोबा, किती वाजले?’ तेवढंच. पण ते वाक्य तिनं आठवडाभर सतरा सुरांत म्हणून पाहिलं. न्हाणीघरात म्हटलं, जिन्यात म्हटलं, दूधवाल्याला म्हटलं. त्यानं बिचाऱ्यानं वेळ सांगितलीही.

आणि तेवढ्यात शाळेचं परिपत्रक आलं : कार्यक्रमाच्या आखणीत सहभागी पालकांच्या पाल्यांना विशेष भूमिका देण्यात येऊ नयेत. परिपत्रक कुणा भलत्यासाठीच काढलेलं होतं. नाचाच्या गटात काहीतरी भांडण झालं होतं म्हणे. बाई म्हणाल्यासुद्धा, “अहो, तीन शब्दांची कसली विशेष भूमिका?” पण परिपत्रक म्हटलं की मसुदेरावांचा कणा आपोआप ताठ होतो. त्यातून बारा मिनिटांवर वीस सेकंद जास्त होतच होते. त्यांनी पेन उचललं आणि पाचव्या पानावरची शाळकरी मुलगी खोडली. आधी ते वाक्य दोनदा वाचलं, पण खोडली.

लेक घड्याळांच्या मागच्या रांगेत गेली. “आधी झाड होते, आता घड्याळ,” ती आईला म्हणाली. “उभंच राहायचंय.” आणि तिनं बापाशी बोलणं टाकलं. काही सांगायचं तर आईच्या मार्फत. “आई, बाबांना सांग, पेन टेबलाखाली पडलंय.” मसुदेराव टेबलाखाली वाकत आणि तिथंच जरा वेळ थांबत.

पक्की प्रत त्यांनी शनिवारी ऑफिसच्या पद्धतीनं काढली. पानावर दोन रकाने : डावीकडे ‘कोण’, उजवीकडे ‘काय’. ‘घड्याळजी’च्या पुढे घड्याळजीचं वाक्य, ‘आजी’च्या पुढे आजीचं. मनातली सतरा वाक्यं आली तिथं दर वेळी ‘घड्याळजी, स्वगत’ असं लिहून रकाना फुगायला लागला, तेव्हा त्यांनी नुसतं ‘स्वगत’ लिहिलं. कोणाचं स्वगत, हे वरील संदर्भावरून स्पष्टच होतं. निदान मसुदेरावांना होतं. बाईंनी प्रत घेतली, कपाळाला लावली आणि नेली. त्यानंतर वर्षअखेरच्या कामांनी मसुदेरावांना ऑफिसात असं धरून ठेवलं, की एकाही तालमीला जाणं झालं नाही.

रंगीत तालीम प्रयोगाच्या चार दिवस आधी, दुपारी. मसुदेराव अर्धा दिवस रजा टाकून गेले, सोबत नाट्याचार्य. सभागृहात खुर्च्या लावायचं काम चाललं होतं. बाई विंगेत हातात कागद घेऊन हजेरी घेत होत्या.

“घड्याळजी?”

“हजर!”

“आजी?”

“हजर!”

“पडद्यामागून?”

“बाई, पडद्यामागूनला गालफुगी झालीय!”

मसुदेराव खुर्चीतून अर्धे उठले. ‘कोण’च्या रकान्यात त्यांनी एका ठिकाणी ‘पडद्यामागून’ असंही लिहिलं होतं.

“बरं, त्याचं मी करीन,” बाई म्हणाल्या. “स्वगत? स्वगत कुठंय? स्वगत, चल, जागेवर ये पाहू!”

आता मात्र मसुदेरावांचा तोल गेला. तीन आठवडे श्वास मोजून लिहिलेलं नाटक, लेखिकेची अट, त्यांची अब्रू, आणि चार दिवसांवर प्रयोग! ते खुर्च्यांना अडखळत, एक खुर्ची पाडून, स्टेजपाशी पोचले.

“बाई! स्वगत हे पात्र नव्हे! स्वगत म्हणजे—”

आणि घड्याळजीच्या खुर्चीमागून स्वगत पुढे आलं. घड्याळजीसारखाच करडा कोट, घड्याळजीसारखाच काचा नसलेला चष्मा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. ती त्यांची लेक होती.

मसुदेरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खुर्च्या लावणारेही थांबले.

बाईंचा चेहरा उतरला. “पात्र नाही? अहो, पण ‘कोण’च्या खाली लिहिलंय तुम्ही. सतरा वेळा. मला वाटलं, एक घड्याळजी आणि एक त्याचं मन, असं मुद्दाम केलंय. मला तर ते इतकं आवडलं! आधी मन ह्या मुलाकडे होतं, ह्याला पाठ होईना म्हणून घड्याळजी केलं,” त्यांनी घड्याळजीकडे बोट दाखवलं. आवाज दणदणीत म्हणून निवडलेला तो मुलगा होता. “आणि मागच्या रांगेतलं एक घड्याळ प्रत्येक वाक्य आधीच पुटपुटत होतं. सगळीच्या सगळी हिला पाठ. मग मी हिलाच घेतलं. परिपत्रकाचं मी बघून घेईन, निवड माझी आहे. पण चुकलंच असेल तर… स्वगत म्हणजे नक्की काय असतं?”

पाठ का होती, हे मसुदेरावांना सांगायची गरज नव्हती. भाजी चिरताना ती वाक्यं घरात तीन आठवडे घुमत होती आणि पोर कोपऱ्यात गृहपाठ करत होती. आता ती चष्म्याच्या रिकाम्या चौकटीतून त्यांच्याकडे बघत होती. तिनं कोटाची बाही मुठीत घट्ट धरली होती.

नाट्याचार्य मागून येऊन पोचले. “नटानं दोन पावलं पुढे येऊन—”

“स्वगत म्हणजे मन,” मसुदेराव मोठ्यानं म्हणाले. “बाई, तुमचं अगदी बरोबर आहे. फक्त मनानं जरा डावीकडे उभं राहावं. मधल्या माइकच्या खाली.”

“माझ्या डावीकडे की तुमच्या?” लेकीनं विचारलं. महिन्याभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली.

“तुझ्या गं. स्टेजवर डावं-उजवं नटाचंच असतं,” ते म्हणाले आणि पडलेली खुर्ची उचलायला वळले, कारण चेहरा कुठंतरी लपवणं भाग होतं.

प्रयोगाला सभागृह खच्चून भरलं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी लेखिका बसली होती. पांढरे केस, काठी, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मसुदेराव तिच्या मागच्या रांगेत. त्यांना तिचा फक्त अंबाडा दिसत होता आणि अंबाड्यावरून मत ओळखणं अवघड असतं.

पडदा उघडला, अर्ध्यात अडकला, मग उघडला. एकतीस घड्याळं टिकटिकायला लागली. आजी आली. “मेलं पुन्हा बंद पडलं बघ,” म्हणाली आणि लोक हसले. घड्याळजी दणदणीत आवाजात “बघतो” म्हणाला. मग त्याच्या शेजारून, माइकखालून, तो बारीक आवाज आला : “ह्याला झालेलं काहीच नाहीये. पण ते सांगितलं तर ही उद्या येणार नाही.” आवाज बारीकच हवा होता. मन कधी ओरडतं का? सभागृह इतकं गप्प झालं की घड्याळांची टिकटिकसुद्धा मोठी वाटायला लागली. बायकोनं मसुदेरावांचा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

तीन फेऱ्या झाल्या. स्टूल शेजारी आलं. घड्याळांनी गरागरा हात फिरवले. आजी आली नाही. स्वगतानं सतरावं वाक्य म्हटलं : “आज बुधवार. आजही ती आली नाही.” आता घड्याळजीनं उठायचं, दुकान बंद करायचं आणि घड्याळ घेऊन जायचं, की संपलं. वाक्य नाही, काही नाही, नुसतं उठायचं.

घड्याळजी उठेना. त्याची नजर अंधारात बसलेल्या सहाशे माणसांवर गेली होती आणि तिथंच खिळली होती. विंगेतून बाई कुजबुजल्या, “ऊठ!” तो बसलेलाच. दोन घड्याळं थांबली, एक भलत्याच तालात टिकटिकायला लागलं. घंटेवाला शिपाई घड्याळाकडे बघू लागला. मसुदेरावांनी लिहिलेलं सगळं संपलं होतं, आता पानावर काही उरलं नव्हतं.

तेव्हा स्वगत माइकखालून हललं. घड्याळजीजवळ गेलं आणि त्याच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणालं,

“तिला यायला जमलं नसेल. मग आपण जाऊ या की. आपल्याला काय पाय नाहीत?”

घड्याळजीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, डोळे मिचकावले आणि उठला. हातात घड्याळ घेतलं. मन पुढं, घड्याळजी मागं, असे दोघं उजवीकडून बाहेर पडले. पडदा ह्या वेळी अडकला नाही. टाळ्यांच्या गडगडाटात घंटा कधी वाजली ते कुणालाच कळलं नाही.

खाली लेखिका काठी टेकत उभी राहिली आणि मसुदेरावांकडे वळली.

“शेवटचं वाक्य माझ्या कथेत नाहीये.”

“मान्य आहे,” मसुदेराव घाईघाईनं म्हणाले. “सदर वाक्य पूर्वपरवानगीशिवाय, अनवधानानं—”

“मी तिथं ‘तो उठला’ एवढंच लिहिलंय. तो का उठला, ते मला त्या वेळी काही केल्या सापडेना. म्हणून नुसतं ‘उठला’ लिहून मोकळी झाले. तीस वर्षं ती जागा मला खुपतेय.” तिनं स्टेजकडे पाहिलं. “कुणाला सुचलं हे? तुम्हाला?”

आता, एवढ्या मोठ्या लेखिकेनं भर सभागृहात असं विचारल्यावर माणसाला मोह होतो. मसुदेरावांना झाला. साधारण एक सेकंद झाला. मग त्यांनी लोकांच्या गर्दीतून वाट काढत येणाऱ्या, ढगळ कोटातल्या पोरीचा खांदा धरून तिला पुढे केलं.

“हिला,” ते म्हणाले. “ते वाक्य मी दिलेलं नाही. हिचं स्वतःचं आहे.”

लेखिकेनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे करून लेकीशी मोठ्या माणसांशी करतात तसं हस्तांदोलन केलं.

घरी जाताना लेक मधे चालत होती आणि बोलत होती. घड्याळजीचा हात कसा गार पडला होता, चष्मा नाकावरून कसा घसरत होता, घड्याळ नंबर बाराला शिंक कशी आली, सगळं एका दमात. कोट काढायला तयार नव्हती. मसुदेराव ऐकत होते. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. मनात त्यांनी एक मसुदा तयार केला, मग दुसरा, मग दोन्ही खोडले.

“छान बोललीस गं!” ते एकदम म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं, की समोरून येणारा सायकलवाला दचकून खाली उतरला.